९१६ आणि ७५० यांची तुलना: कॅरेटवरून टक्के काढताना हिशोब कुठे चुकतो

प्रश्न: माझ्याकडे दोन हॉलमार्कचे दागिने आहेत. एक साधा गोफ, शिक्का `22K916`, वजन १८.४०० ग्रॅम. दुसरा खड्यांचा नेकलेस, शिक्का `18K750`, वजन २२.६५० ग्रॅम. बिलात खडे ३.२५ कॅरेट लिहिलेत. २२ ला २४ ने भागलं तर ९१.६७ टक्के येतात, पण शिक्का ९१६ म्हणतो. मग कोणता आकडा धरायचा? आणि नेकलेस जड आहे, तर त्यात सोनं जास्त आहे असं समजायचं का?

उत्तर: आधी थेट सांगतो. शिक्क्यावरचा तीन आकडी अंक धरा, आणि सोनं गोफात जास्त आहे. फरक साधारण ०.३५४ ग्रॅम चोख सोन्याचा आहे. पण तुमच्या हिशोबातली खरी अडचण ९१.६ की ९१.६७ ही नाही. ती वजनात आहे, आणि "कॅरेट" हा शब्द तुमच्या बिलात दोन वेगळ्या अर्थांनी आलाय त्यात आहे. ओघाने दोन्हीकडे येतो.

मी बरीच वर्षं हॉलमार्किंग सेंटरमध्ये सोन्याची शुद्धता तपासायचं काम केलं. लोकांना नवल वाटेल, पण आमच्या टेबलावर कॅरेट हा शब्द फारसा कोणी वापरत नसे. तपासणीचा निकाल येतो तो हजारातला. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं आणि उरलेले ८४ भाग हीण, म्हणजे तांबं, चांदी, जस्त वगैरे. शेवटच्या अंकाआधी दशांश चिन्ह दिलं की टक्के झाले. ९१६ चे ९१.६ टक्के, ७५० चे ७५ टक्के, ५८५ चे साडेअठ्ठावन्न टक्के. हॉलमार्कच्या दागिन्याला एवढंच रूपांतर लागतं. गुणाकार नाही की भागाकार नाही.

कॅरेटची मोजणी वेगळ्या पायावर उभी आहे. त्यात पूर्ण सोन्याचे २४ भाग मानतात. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोनं आणि दोन भाग हीण. म्हणून एक कॅरेट म्हणजे १०० भागिले २४, म्हणजे ४.१७ टक्के. इथे एक गैरसमज मला कायम भेटत आला. २२ आणि १८ यांत "चारचाच तर फरक आहे" असं लोक म्हणतात आणि मनात चार टक्के धरतात. खरा फरक चार गुणिले ४.१७, म्हणजे जवळपास १६.७ टक्क्यांचा आहे. तेवढ्यावरही गोष्ट थांबत नाही. २२ कॅरेटच्या एका ग्रॅमऐवजी १८ कॅरेटचा एक ग्रॅम घेतलात तर सोनं १६.७ टक्क्यांनी नव्हे, १८ टक्क्यांनी कमी मिळतं, कारण तुमचा पाया ९१.६ आहे, शंभर नाही. उलट बाजूने सांगायचं तर २२ कॅरेटच्या एका ग्रॅमची बरोबरी करायला १८ कॅरेटचे १.२२ ग्रॅम लागतात. दोन्ही शिक्क्यांचे दागिने समोर असतील तेव्हा हा १.२२ चा आकडा लक्षात असू द्या. मी स्वतः सगळ्यात आधी तोच लावून बघतो.

आता ९१.६ आणि ९१.६७ कडे येतो. तुमचा भागाकार बरोबर आहे. २२ भागिले २४ म्हणजे ९१६.६६… हजारी. पण शिक्क्यावर पूर्णांकच येतो, आणि २२ कॅरेटसाठी आपल्याकडे ९१६ हाच अंक रूढ आहे. म्हणजे शेवटचा अपूर्णांक सोडून दिलाय, वर ढकलून ९१७ केलेला नाही. १८ चे बरोबर ७५० होतात, तिथे अपूर्णांकच नाही, म्हणून ते तुम्हाला चोख जुळलेलं दिसलं. १४ कॅरेटला मात्र उलटं होतं. १४ भागिले २४ म्हणजे ५८३.३, आणि शिक्का असतो ५८५ चा. तिथे शिक्का कॅरेटच्या गणितापेक्षा किंचित जास्त सोनं मागतो. कॅरेटवरून टक्के काढायला गेलात तर २२ ला थोडं जास्त येईल आणि १४ ला थोडं कमी. शिक्का वाचलात तर हा घोळच होत नाही. २४ कॅरेट लिहिलेल्या वस्तूवरही ९९५ किंवा ९९९ असतं, पूर्ण हजार कधी नसतं.

हा अपूर्णांक तुमच्या गोफात किती पडतो ते पाहू. १८.४०० ग्रॅमवर ९१.६ टक्क्यांनी १६.८५४ ग्रॅम सोनं येतं, ९१.६७ ने १६.८६७. फरक बारा-तेरा मिलिग्रॅमचा. दुकानातला काटा बहुधा शेवटच्या घरात एक मिलिग्रॅम दाखवतो, त्यामुळे हा फरक काट्यावर दिसतो खरा, पण त्यावरून वाद घालण्यात अर्थ का नाही ते तपासणीचं काम कसं चालतं हे कळलं की उमगेल.

हॉलमार्किंगला आलेल्या लॉटमधले दागिने आधी एक्स-रे यंत्राखाली जातात. ते यंत्र दागिना न कापता वरच्या थरातल्या धातूंचं प्रमाण सांगतं. पण ते बघतं फक्त वरचा अगदी पातळ थर, काही मायक्रॉनचा. म्हणून लॉटमधून थोडे नमुने कापून त्यांची फायर अ‍ॅसे करतात. साधारण २५० मिलिग्रॅमचा तुकडा घ्यायचा, अचूक तोलायचा, सोबत त्याच्या सोन्याच्या सुमारे अडीच पट चांदी घालायची, शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचा आणि कुपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत ठेवून हजार अंशांच्या वरच्या भट्टीत सरकवायचा. शिसं वितळतं, त्याचं ऑक्साइड होतं, आणि तांबं-जस्त सोबत घेऊन ते त्या वाटीत मुरतं. मागे उरतो चांदी आणि सोन्याचा एक चमकता मणी. तो ठोकून चपटा करायचा, रुळातून काढून पट्टी करायची, तिची गुंडाळी करायची आणि नायट्रिक आम्लात उकळायची. चांदी विरघळून जाते. उरलेली गुंडाळी तपकिरी आणि इतकी ठिसूळ असते की चिमट्याने जरा जोरात धरली तर तुटते. ती तापवली की काही क्षणांत रंग पालटून सोनेरी होते. हे मी हजारो वेळा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी मान खाली घालून बघायचो. मग ती गुंडाळी तोलायची. २५०.० मिलिग्रॅम घातले होते आणि २२९.२ निघाले, तर २२९.२ भागिले २५०, म्हणजे ९१६.८. शिक्क्याचा अंक येतो तो इथून.

ही रीत सोन्याच्या तपासणीत सगळ्यात भरवशाची मानली जाते. तरीही एकाच तुकड्याचे दोन नमुने लावले तर हजारी अर्ध्या-एक भागाचा फरक पडू शकतो. म्हणजे ९१६ आणि ९१६.६७ यांतलं अंतर तपासणीच्या स्वतःच्या हलण्याइतकंच आहे. एक्स-रे यंत्राची हालचाल त्याहून जास्त असते. म्हणून दोन दागिन्यांची तुलना करताना दशांशानंतरच्या दुसऱ्या घरात अडकू नका. शिवाय शिक्का सरासरी सांगत नाही, तो किमान मर्यादा सांगतो. भारतीय मानक ब्युरोच्या नियमात त्या अंकाच्या खाली जायला सूट नाही, त्यामुळे घडवणारे कारागीर नापास व्हायला नको म्हणून मिश्रण जरासं वर ठेवतात. ९१६ च्या शिक्क्याखाली ९१७-९१८ निघणं मी नेहमी पाहिलंय.

आता तुमच्या दागिन्यांचा हिशोब पूर्ण मांडतो. सूत्र एवढंच:

```
चोख सोने (ग्रॅम) = नेट वजन × शिक्क्यावरचा अंक ÷ 1000
```

यातला जोर "नेट" या शब्दावर आहे. गोफ साधा आहे, त्याला खडे नाहीत, लाख नाही, मीना नाही. त्याचं एकूण वजन आणि सोन्याचं वजन एकच. १८.४०० गुणिले ९१६ भागिले १०००, म्हणजे १६.८५४ ग्रॅम चोख.

नेकलेसचे २२.६५० हे बहुतेक ग्रॉस वजन असावं, म्हणजे खड्यांसकट. ते तसंच धरून ७५ टक्के काढले तर १६.९८८ ग्रॅम येतात, आणि नेकलेस गोफाच्या पुढे जातो. तुमचा अंदाज इथूनच आला असणार. आता खडे वजा करा. खड्यांचं कॅरेट हे वजनाचं माप आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ०.२ ग्रॅम. त्याचा सोन्याच्या शुद्धतेच्या कॅरेटशी काहीही संबंध नाही. मराठीत दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, आणि बिलात एकाच ओळीत "१८ कॅरेट" आणि "३.२५ कॅरेट" असं लिहिलेलं असलं की चांगले शिकलेले लोकही गोंधळतात. ३.२५ गुणिले ०.२ म्हणजे ०.६५० ग्रॅम. २२.६५० मधून ते काढले की नेट वजन बरोबर २२.००० ग्रॅम, आणि चोख सोनं १६.५०० ग्रॅम. आता गोफ पुढे, ०.३५४ ग्रॅमने.

याच ठिकाणी एकदा एक बाई माझ्याकडे हिशोब घेऊन आल्या होत्या. त्यांनी खड्यांचे कॅरेट सरळ ग्रॅम समजून वजा केले होते. तुमच्या आकड्यांत तसं केलं तर नेट वजन १९.४०० आणि सोनं १४.५५० ग्रॅम निघेल, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम सोनं कागदावरच नाहीसं होईल. त्या बाईंना वाटत होतं की आपल्याला फसवलंय. बिल नीट होतं, फक्त माप चुकीचं वाचलं गेलं होतं. तेव्हा खड्याच्या आकड्यापुढे "कॅरेट" आहे की "ग्रॅम", हे बोट ठेवून वाचा.

खड्यांव्यतिरिक्त लाख भरलेले दागिने, मण्यांत ओवलेले पदर, मीनाकाम, रेशमी दोरा, स्प्रिंग लावलेला फासा, हे सगळं ग्रॉस वजनात येतं आणि शिक्का त्यातल्या कशालाच लागू नसतो. शिक्का फक्त सोन्याच्या मिश्रधातूबद्दल बोलतो. लाखेच्या दागिन्यात नेट वजन मोड करताना लाख काढल्याखेरीज नेमकं कळत नाही. बिलातला आकडा तिथे घडवणाऱ्याच्या नोंदीवर अवलंबून असतो.

आता नेकलेस "जड" असण्याबद्दल थोडं, कारण हातात धरून केलेला अंदाज दोन शुद्धतांमध्ये हमखास फसवतो. चोख सोन्याची घनता दर घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम आहे. २२ कॅरेटची साडेसतरा ते अठराच्या दरम्यान येते, १८ कॅरेटची हीण कोणतं त्यावर पंधरा ते सोळा. म्हणजे एकाच साच्यातून एक दागिना २२ कॅरेटमध्ये ओतला आणि तो २० ग्रॅमचा झाला, तर तोच १८ कॅरेटमध्ये साडेसतरा ग्रॅमच्या आसपास भरेल. दिसायला दोन्ही सारखे, आकार सारखा, जाडी सारखी. पण पहिल्यात चोख सोनं १८.३ ग्रॅम आणि दुसऱ्यात १३ च्या थोडं वर. ग्रॅमला ग्रॅम पाहिलं तर १८ टक्क्यांचा फरक, आणि आकाराला आकार पाहिलं तर २८ टक्क्यांचा. म्हणून "तेवढाच मोठा आहे" हे वाक्य दोन वेगळ्या शिक्क्यांच्या दागिन्यांबद्दल कधीच वापरू नये. तुलना ग्रॅमवरच करा, आणि त्याही चोख सोन्याच्या ग्रॅमवर.

तुम्ही विचारलेलं नाही, पण दोन दागिने जवळ असले की पुढे हा प्रश्न येतोच, म्हणून लिहून ठेवतो. दोन्ही आटवून एक दागिना केला तर किती कॅरेटचा होईल? २२ आणि १८ ची सरासरी २०, असं म्हणून चालत नाही, कारण दोघांची वजनं सारखी नाहीत. चोख सोन्याची बेरीज करा: १६.८५४ आणि १६.५००, म्हणजे ३३.३५४. नेट वजनांची बेरीज ४०.४००. भागाकार ८२५.६ हजारी, म्हणजे १९.८ कॅरेट. २० धरलं असतं तर जवळपास ०.३१ ग्रॅम सोनं असल्याचा भास झाला असता. आणि या ८२५.६ ला २० कॅरेटचा ८३३ चा शिक्काही बसत नाही, कारण तो आकडा त्याच्या खाली आहे. अशा आटणीत २२ कॅरेट हवं असेल तर चोख सोनं घालावं लागतं, १८ हवं असेल तर हीण.

भावाच्या बाजूने एक सापळा आहे, तोही इथेच सांगायला हवा. २२ कॅरेटचा जो भाव फलकावर असतो त्यात शुद्धता आधीच धरलेली असते. त्या भावाने नेट वजन गुणलं की झालं. पुन्हा ९१.६ टक्के लावले तर शुद्धता दोनदा वजा होते. दोन रस्ते आहेत, एकच धरा: नेट वजन गुणिले त्या कॅरेटचा भाव, किंवा चोख सोनं गुणिले २४ चा भाव. दोन्ही उत्तरं जवळजवळ एकच आली पाहिजेत. येत नसतील तर भावांचं गुणोत्तर काढून बघा. २२ चा भाव भागिले २४ चा भाव ०.९१६ च्या आसपास यायला हवा, आणि १८ चा ०.७५ च्या. २४ चा भाव हजार मानला तर २२ चा ९१६ किंवा ९१७, १८ चा ७५०. कुठे ९२५-९३० किंवा ७७०-७८० लागलेलं दिसलं, तर घडणावळीचा किंवा घटीचा काही भाग भावातच मिसळलाय असं समजा आणि विचारा. तसं करणं चूक की बरोबर हे मी ठरवत नाही, पण दोन दुकानांच्या बिलांची तुलना करायची तर हा भाग वेगळा काढल्याशिवाय होत नाही. घडणावळीचा शुद्धतेशी संबंध नाही, ती नेहमी वेगळ्या ओळीत असावी. आणि २४ चा भाव ९९५ चा आहे की ९९९ चा, हेही विचारून घ्या. तुमच्या गोफासारख्या दागिन्यावर या दोनमध्ये सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास फरक पडतो, म्हणजे ९१.६ आणि ९१.६७ च्या फरकापेक्षा पाच-सहा पट.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. वरचा सगळा हिशोब शिक्का खरा आहे आणि दागिना जसा तपासला गेला तसाच आहे, असं धरून केलाय. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: मानक ब्युरोचं चिन्ह, `22K916` सारखी शुद्धतेची खूण, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. तुमच्या दागिन्यांवर तो असेल तर `BIS Care` अ‍ॅपमध्ये टाकून बघा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दोन्ही जुळली पाहिजेत. गोफाचा नंबर टाकला आणि तिथे "अंगठी" दिसली, तर शुद्धता जुळली तरी तो शिक्का त्या दागिन्याचा नाही. जुन्या दागिन्यांवर एचयूआयडी नसतो, कधी नुसतं `916` असतं, कॅरेटशिवाय. त्यावर ९१.६ टक्के हा अर्थ तोच लागतो, फक्त ऑनलाइन पडताळणी होत नाही. `KDM` अशी खूण असलेले दागिनेही येतात. ते शुद्धतेचं माप नाही, झाळणीची एक जुनी रीत आहे, कॅडमियम वापरून केलेली. त्यावरून टक्के काढता येत नाहीत.

दुसरी परिस्थिती दुरुस्तीची. एका घरातली जुनी साखळी मोडीला निघण्याआधी माझ्याकडे तपासायला आली होती. फाशाच्या पट्टीवर ९१६ स्वच्छ दिसत होतं. वजन बारा ग्रॅम. शिक्क्याच्या हिशोबाने ११ ग्रॅमला जेमतेम आठ मिलिग्रॅम कमी सोनं यायला हवं होतं. भिंगाखाली धरली तेव्हा मधल्या सात-आठ कड्यांचा पिवळेपणा थोडा वेगळा दिसला, जरा लालसर, आणि त्यांच्या सांध्यांवर झाळ सांडल्यासारखी जाड होती. यंत्राखाली तीन ठिकाणी धरली, तीन वेगळे आकडे आले. आटवून अ‍ॅसे केल्यावर ८९४ निघाले, म्हणजे १०.७२८ ग्रॅम. पाव ग्रॅमहून जास्त सोनं कमी. घरच्यांना आठवलं की साखळी दोनदा तुटली होती आणि जवळच्या कारागिराकडून जोडून घेतली होती. शिक्का खोटा नव्हता. तो त्या दिवशीच्या साखळीचा होता. तुमच्या गोफाची किंवा नेकलेसची अशी दुरुस्ती झाली असेल, फासा बदलला असेल, कड्या वाढवल्या असतील, तर शिक्क्यावरून काढलेले टक्के वरची मर्यादा म्हणून घ्या आणि मोडीच्या वेळी आटवून केलेल्या तपासणीचा आकडा मागा. नुसतं दागिन्याच्या एका जागी यंत्र लावून आलेला आकडा अशा वेळी पुरत नाही. मुलामा असेल तर अजिबातच नाही, कारण यंत्राला मुलाम्याचाच थर दिसतो.

एवढं मांडल्यावर तुमच्या प्रश्नात अनिश्चित असा एकच आकडा उरतो, आणि तो कॅरेटचा-टक्क्यांचा नाही. तो ३.२५ आहे. खडे बसवलेल्या दागिन्यात त्यांचं वजन पुष्कळदा बसवण्याआधी तोललेलं नसतं. नगांची संख्या आणि मापावरून अंदाजाने लिहिलेलं असतं. म्हणून मी उलटा हिशोब करून ठेवला. गोफातल्या १६.८५४ ग्रॅमची बरोबरी करायला नेकलेसचं नेट वजन २२.४७३ ग्रॅम लागेल. म्हणजे खड्यांचं वजन ०.१७७ ग्रॅम, ०.८९ कॅरेट असलं तर दोन्ही सारखे. त्याहून जास्त असलं की गोफ पुढे. तुमच्या बिलात ३.२५ आहे, म्हणजे त्या अंदाजात अर्ध्याहून जास्त चूक असली तरी उत्तर बदलत नाही. फक्त एकदा दुकानात विचारून घ्या की २२.६५० हे ग्रॉसच आहे ना. बिलावर "नेट २२.६५०" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर खडे आधीच वजा झालेले आहेत, नेकलेसमध्ये १६.९८८ ग्रॅम सोनं आहे, आणि मग तोच १३३ मिलिग्रॅमने जास्त भरतो. घरी लहान काटा असेल तर नेकलेस तोलून बघा. काट्यावर २२.६५० आलं तर तेच ग्रॉस. २३.३०० च्या आसपास आलं तर बिलातला आकडा नेट होता.